न आलेले आकडे

सोमवार, ३ ऑगस्ट २०२०. कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर गॅव्हिन न्यूसम बऱ्याच दिवसांनी चांगली बातमी घेऊन पत्रकारांसमोर आले. आदल्या आठवड्यात राज्यात रोज सरासरी ९,८५९ नवे कोविड रुग्ण नोंदले जात होते. ताज्या सात दिवसांची सरासरी ७,७६४ होती, म्हणजे सुमारे २१ टक्क्यांनी कमी. जुलैभर रुग्णसंख्या चढतीच राहिली होती, त्यामुळे हा उतार सगळ्यांना हवाच होता.

दुसऱ्याच दिवशी राज्याचे आरोग्य सचिव डॉ. मार्क गॅली यांनी सांगितलं की या आकड्यांवर पूर्ण विसंबू नका. प्रयोगशाळांकडून येणाऱ्या नोंदींमध्ये काहीतरी अडकलंय, रुग्णसंख्या प्रत्यक्षापेक्षा कमी दिसते आहे. किती कमी, हे त्या दिवशी त्यांनाही सांगता आलं नाही.

शुक्रवारी, ७ ऑगस्टला, हिशोब समोर आला. अडीच ते तीन लाख नोंदी प्रक्रियेविना पडून होत्या. त्या सगळ्याच कोविडच्या नव्हत्या, पण बऱ्याचशा होत्या. इतका मोठा ढीग साचत असताना डॅशबोर्ड मात्र रोज नवा दिसत होता. त्यावर नवी तारीख होती आणि नवा आकडाही होता.

ज्यांना संगणकातलं फारसं कळत नाही, पण ज्यांचे निर्णय डॅशबोर्डवर अवलंबून असतात, अशा व्यवस्थापकांना समजावून सांगण्यासाठी मला हे प्रकरण सर्वांत योग्य वाटतं. यात कोणी चोरी केली नाही, कोणी आकडे बदलले नाहीत, कुठलं गणितही चुकलं नाही. जेवढ्या नोंदी आल्या तेवढ्यांची बेरीज अगदी बरोबर होती.

आधी एका चाचणीचा प्रवास पाहू. कोणीतरी नाकातला नमुना देतो. तो प्रयोगशाळेत पोचतो, तपासला जातो आणि निकाल लागतो. मग प्रयोगशाळेचा संगणक तो निकाल ठरावीक साच्यातल्या संदेशात घालून राज्याच्या संसर्गजन्य रोगांच्या नोंदप्रणालीकडे पाठवतो. कॅलिफोर्नियातल्या या प्रणालीचं नाव ‘कॅलरेडी’. कोविडच्या कितीतरी आधीपासून ती क्षय, कावीळ, गोवर अशा रोगांच्या नोंदी ठेवत आली होती. तिथून निकाल दोन वाटांनी जातो. एक वाट त्या रुग्णाच्या काउंटीच्या आरोग्य खात्याकडे जाते. तिथले कर्मचारी रुग्णाला फोन करून तो कोणाच्या संपर्कात आला ते विचारतात. दुसरी वाट बेरजेकडे आणि डॅशबोर्डकडे जाते.

म्हणजे अडथळा कॅलरेडीच्या दारात आला, तर डॅशबोर्ड चुकतोच, शिवाय रुग्णाला फोनही जात नाही. हे दुसरं नुकसान पडद्यावर कुठेच दिसत नाही. मला ते पहिल्यापेक्षा गंभीर वाटतं, कारण डॅशबोर्ड नंतर दुरुस्त करता येतो, चार दिवस उशिरा गेलेला फोन नाही.

गडबडीची पहिली चाहूल राजधानीला लागली नाही, ती काउंट्यांना लागली. तिथल्या आरोग्य अधिकाऱ्यांचा रोजचा संबंध रुग्णालयांशी आणि स्थानिक प्रयोगशाळांशी असतो. राज्याच्या प्रणालीतून आलेली यादी आणि आजूबाजूला दिसणारी परिस्थिती यांचा मेळ बसेना. लॉस एंजेलिस काउंटीने थेट प्रयोगशाळांकडे विचारणा सुरू केली. सांता क्लारा काउंटीच्या आरोग्य अधिकारी डॉ. सारा कोडी यांनी उघडपणे सांगितलं की साथ वाढते आहे की ओसरते आहे, हेच आता कळेनासं झालं आहे. जमिनीजवळच्या माणसांना डॅशबोर्डच्या आधी शंका येते, असं अशा घटनांमध्ये बहुतेक वेळा दिसतं. त्यांची शंका वरपर्यंत किती दिवसांत पोचते, यावर पुढचं बरंच काही ठरतं.

मग शोध सुरू झाला, आणि एकाच्या शोधात दोन कारणं हाती लागली.

पहिलं कारण २५ जुलैचं. त्या दिवशी एक सर्व्हर बंद पडला आणि प्रयोगशाळांच्या नोंदी रेंगाळू लागल्या. साचलेल्या नोंदी लवकर आत घ्याव्यात म्हणून कर्मचाऱ्यांनी प्रणालीत एक तात्पुरता बदल केला. अडचणीच्या वेळी हे स्वाभाविक आहे आणि त्या क्षणी ते शहाणपणाचंही असेल. पण सर्व्हर पुन्हा सुरू झाल्यावर तो बदल काढायला हवा होता. तो तसाच राहिला, आणि ज्या उशिरावर उपाय म्हणून तो केला होता, तोच उशीर त्याच्यामुळे पुढे लांबत गेला.

तात्पुरत्या बदलाची अडचण अशी की तो ज्याने केला त्याच्या डोक्यात तात्पुरता असतो, यंत्राच्या दृष्टीने नाही. यंत्राला दिलेली सूचना ते पुढची सूचना येईपर्यंत पाळत राहतं. रात्री दमलेल्या माणसाने ‘उद्या काढू’ म्हणून केलेली सोय उद्याच्या पाळीवरच्या माणसाला ठाऊकच नसते.

दुसऱ्या कारणाचा पहिल्याशी काही संबंध नव्हता. ३१ जुलै ते ४ ऑगस्ट या पाच दिवसांत राज्यातल्या सर्वांत मोठ्या व्यावसायिक प्रयोगशाळांपैकी एकीकडून नोंदी आल्याच नाहीत. प्रयोगशाळेचं काम नीट चालू होतं. पण बाहेरच्या संस्थांकडून माहिती स्वीकारण्यासाठी राज्याला जे डिजिटल सर्टिफिकेट लागतं, त्याचं नूतनीकरण वेळेवर झालं नव्हतं.

हे सर्टिफिकेट म्हणजे काय, ते थोडं सावकाश पाहू. दोन संगणक इंटरनेटवरून रुग्णांची माहिती देतात-घेतात, तेव्हा समोरचा संगणक खरोखर तोच आहे का, याची खातरजमा आधी करावी लागते. त्यासाठी संगणक आपलं ओळखपत्र दाखवतो. ते ओळखपत्र म्हणजे सर्टिफिकेट. त्यावर मुदतीची तारीख असते, आणि ती मुद्दाम घातलेली असते, म्हणजे जुनी ओळखपत्रं कायम फिरत राहू नयेत. मुदत संपली की जोडणी नाकारली जाते. सुरक्षेच्या दृष्टीने हे अगदी योग्य वागणं आहे. मुदत हळूहळू संपत आल्याची कुठलीही लक्षणं मात्र दिसत नाहीत. शेवटच्या क्षणापर्यंत सगळं सुरळीत असतं, आणि पुढच्या क्षणी एक वाट पूर्ण बंद होते. बाकीच्या प्रयोगशाळांच्या नोंदी येतच राहतात.

इथे या सगळ्या प्रकरणाचं मर्म आहे. एखाद्या प्रयोगशाळेने पाठवलेली नोंद पोचली नाही, तर बेरजेत तिच्या जागी काय जातं? शून्य. ‘आज या प्रयोगशाळेत एकही रुग्ण सापडला नाही’ आणि ‘आज या प्रयोगशाळेकडून काहीच आलं नाही’ या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत, पण बेरजेत त्यांचा परिणाम तंतोतंत सारखा असतो. शिवाय रोगाच्या बाबतीत शून्य हे शुभवर्तमान असतं. दुकानाची विक्री अचानक पाचव्या हिश्श्याने घटली, तर मालक त्याच संध्याकाळी चौकशी करतो. रुग्ण पाचव्या हिश्श्याने घटले, तर त्याचं स्वागत होतं. चांगल्या बातमीची उलटतपासणी करायला कोणाला फारसा उत्साह नसतो.

पडद्यावरची तारीखही इथे फसवते. डॅशबोर्डवर ‘अद्ययावत : आज सकाळी’ असं लिहिलेलं असतं, ते बेरीज पुन्हा कधी केली त्याबद्दल असतं. आतल्या नोंदी कधीच्या आहेत, याबद्दल ती ओळ काहीच सांगत नाही. खरं तर एका नोंदीला निदान तीन तारखा असतात. नमुना घेतला ती एक, नोंद प्रणालीत पोचली ती दुसरी आणि डॅशबोर्डची बेरीज झाली ती तिसरी. पडद्यावर बहुधा तिसरी दिसते. शिळेपणा लपतो तो पहिल्या दोन तारखांमधल्या अंतरात.

आता, एवढ्याशा तुटीने काय बिघडणार होतं, असं कोणी विचारेल. त्या उन्हाळ्यात कॅलिफोर्नियात या आकड्यांवर माणसांचं रोजचं जगणं बेतलेलं होतं. राज्याच्या ५८ काउंट्यांपैकी निम्म्याहून अधिक काउंट्या देखरेखीच्या यादीत होत्या. यादीत जाण्याचा एक निकष होता दर लाख लोकसंख्येमागे १४ दिवसांत १०० हून जास्त रुग्ण. यादीत तीन दिवस राहिलं की बंदिस्त जागेतले अनेक व्यवसाय बंद करावे लागत. १७ जुलैला ठरलेल्या नियमानुसार काउंटी सलग १४ दिवस यादीबाहेर राहिल्याशिवाय तिथल्या शाळांचे वर्ग प्रत्यक्ष भरवता येत नव्हते.

एक काल्पनिक काउंटी घेऊन हिशोब करून पाहू. समजा तिची लोकसंख्या पाच लाख आहे. मग तिची मर्यादा १४ दिवसांत ५०० रुग्णांची. समजा तिथे खरे रुग्ण आहेत ५२०, म्हणजे ती मर्यादेच्या थोडी वर आहे. रोजचे साधारण ३७. आता समजा, तिथल्या चाचण्यांपैकी एक चतुर्थांश ज्या प्रयोगशाळेत जातात, तीच पाच दिवस गप्प झाली. दर दिवशी नऊ-दहा रुग्ण कमी मोजले गेले, पाच दिवसांत सुमारे ४६. पडद्यावर दिसतील ४७४. दर लाखामागे ९५ च्या आत. काउंटी कागदोपत्री मर्यादेखाली आली. प्रत्यक्षात काहीच बदललेलं नाही. कॅलिफोर्नियात हे घडू नये म्हणून ही यादी गोठवण्यात आली. कोणतीही काउंटी आत घ्यायची नाही आणि बाहेरही काढायची नाही. आकडे खरे असल्याची खात्री नसताना त्यांच्यावरचे निर्णय थांबवणं, हे त्या आठवड्यातलं सर्वांत जबाबदार पाऊल होतं, असं मला वाटतं.

आकडा शिळा आहे हे ओळखता आलं असतं का? अनुभवी माणूस आधी बाधितांच्या टक्केवारीकडे वळतो, म्हणजे शंभर चाचण्यांत किती बाधित. इथे ती टक्केवारी पुरेशी साक्ष देत नाही. गप्प झालेल्या प्रयोगशाळेचे बाधित निकाल गेले, तसे तिचे निर्दोष निकालही गेले. वरचा आणि खालचा आकडा एकत्रच घटला. त्या प्रयोगशाळेतलं बाधितांचं प्रमाण इतरांसारखंच असेल, तर टक्केवारी जागची हलतही नाही, आणि शांत टक्केवारी पाहून घसरलेल्या रुग्णसंख्येवर उलट विश्वास बसतो. पाहायला हवी ती एकूण चाचण्यांची संख्या. रुग्ण घटले आणि त्याच प्रमाणात चाचण्याही घटल्या, तर आधी विचारायचं की चाचण्या झाल्याच नाहीत, की झालेल्या पोचल्या नाहीत.

दुसरी खूण होती वेगळ्या वाटेने येणाऱ्या आकड्यांची. रुग्णालयात दाखल असलेल्यांची आणि मृत्यूंची माहिती कॅलरेडीच्या या वाटेने येत नव्हती, म्हणून तिला या बिघाडाचा स्पर्श झाला नाही. रुग्णालयांमधली संख्याही त्या सुमारास उतरत होती. म्हणजे साथ ओसरू लागली होती हे खरं होतं. गव्हर्नरांनी सांगितलेली दिशा बरोबर निघाली, पण तिच्या पुराव्यातला एक भाग पोकळ होता, आणि घट नेमकी किती हे त्या पुराव्यावरून सांगता येत नव्हतं. अहवाल लिहिताना ही गोष्ट अवघड जाते. ‘सगळं चुकलं’ म्हणणंही खोटं आणि ‘शेवटी बरोबरच निघालं’ म्हणून विषय मिटवणंही खोटं.

सापडलेल्या नोंदी आत घेतानाही एक धोका असतो. साचलेला ढीग एका दिवसात मोकळा केला आणि सगळे रुग्ण त्याच दिवसाच्या नावावर टाकले, तर आलेखावर एक सुळका उभा राहतो, आणि काल ओसरलेली साथ आज उसळली असं दिसतं. म्हणून प्रत्येक नोंद तिच्या मूळ तारखेला नेऊन ठेवावी लागते. तसं केलं की मागच्या आठवड्यात छापले गेलेले आकडे बदलतात, आणि ‘तुम्ही इतिहास का बदलता’ असा प्रश्न येतो. त्याचं उत्तर आलेखावरच, त्या दिवसांच्या खाली, एका ओळीत लिहून ठेवणं हाच उपाय. वेगळ्या कागदावरचं स्पष्टीकरण आलेखासोबत प्रवास करत नाही.

९ ऑगस्टला राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या संचालक डॉ. सोनिया एंजल यांनी राजीनामा दिला. वर्तमानपत्रांसाठी कथा तिथे संपली. पण बिनतांत्रिक व्यवस्थापकांसाठी या घटनेचा अहवाल मला लिहायचा असता, तर त्यात मी व्यक्तीचं नाव घेतलं नसतं आणि सर्व्हरची जातकुळीही सांगितली नसती. तो मी साधारण असा लिहिला असता :

> २५ जुलैपासून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत पडद्यावरची रुग्णसंख्या प्रत्यक्षापेक्षा कमी होती. चाचण्यांची संख्याही कमी होती. रुग्णालयातील दाखल रुग्ण आणि मृत्यू यांचे आकडे बरोबर होते. या काळातील रुग्णसंख्येवर आधारलेले निर्णय पुन्हा तपासावेत.
>
> कारणे दोन. सर्व्हर बंद पडल्यावर केलेला तात्पुरता बदल काढला गेला नाही, म्हणून नोंदी उशिरा आत आल्या. तसेच ३१ जुलै ते ४ ऑगस्ट एका मोठ्या प्रयोगशाळेच्या नोंदी सर्टिफिकेटची मुदत संपल्याने स्वीकारल्या गेल्या नाहीत.
>
> बाधितांना आणि त्यांच्या संपर्कातील लोकांना फोन उशिरा गेले. हे नुकसान आकडे दुरुस्त केल्याने भरून येणार नाही.
>
> पडद्यावर तारीख रोज बदलत होती. ती बेरजेची तारीख होती. नोंदी किती जुन्या आहेत हे पडद्यावर कुठेही दिसत नव्हते.

व्यवस्थापकाला पहिल्या परिच्छेदातच कळायला हवं की कोणत्या आकड्यावर विसंबून काय ठरवलं गेलं आणि त्यातलं काय परत उघडायचं. कारणं दुसऱ्या क्रमांकावर येतात. बहुतेक अहवाल नेमके उलटे लिहिलेले मी पाहिले आहेत. चार पानं बिघाडाची, आणि शेवटी एका ओळीत ‘काही आकड्यांवर परिणाम झाला’. वाचणाऱ्याचा धीर तिथवर पोचत नाही.

उपाययोजनांबद्दल मात्र थोडं सविस्तर लिहायला हवं. सर्टिफिकेटचा प्रश्न सोपा आहे. मुदतीची तारीख आधीच ठाऊक असते, तेव्हा महिनाभर आधी सूचना जायला हवी, आणि ती एका माणसाला न जाता दोघांना जावी, कारण एकजण रजेवर असतो किंवा नोकरी सोडून गेलेला असतो. तात्पुरत्या बदलासोबत तो काढण्याची तारीख आणि काढणाऱ्याचं नाव त्याच वेळी लिहिलं गेलं पाहिजे. ते नसेल तर तो बदल कायमचा समजूनच त्याची छाननी व्हावी.

तिसरा उपाय सगळ्यांत मोलाचा आहे आणि सगळ्यांत अवघडही. एकूण बेरजेखाली, प्रत्येक प्रयोगशाळेकडून शेवटची नोंद कधी आली याची यादी रोज पाहणं. मोठ्या प्रयोगशाळेचा एक दिवस रिकामा गेला, तरी ही यादी त्याच सकाळी बोट दाखवते. पाच दिवस वाट पाहावी लागत नाही. पण गावातली छोटी प्रयोगशाळा आठवड्यातून दोनदाच निकाल पाठवत असेल, तर तिचं रोजचं शून्य हे नेहमीचंच असतं. सगळ्यांना एकच नियम लावला तर रोज खोटे इशारे येतात, आणि दहा दिवसांत ते वाचणं बंद होतं. म्हणून प्रत्येकीचं मोजमाप तिच्या स्वतःच्या सवयीशी करावं लागतं. रोज पाठवणारी दोन दिवस गप्प राहिली तर फोन, आठवड्यातून एकदा पाठवणारी बारा दिवस गप्प राहिली तर फोन. इतकं करूनही एक प्रकार निसटतो. प्रयोगशाळा रोज नोंदी पाठवते आहे, फक्त दहातली एक गळते आहे. तिथे शेवटच्या नोंदीची तारीख ताजीच दिसते आणि सवयही मोडत नाही. ती गळती पकडायला प्रयोगशाळेने पाठवलेल्यांचा आकडा आणि आपल्याकडे पोचलेल्यांचा आकडा समोरासमोर ठेवावा लागतो, आणि त्यासाठी दर आठवड्याला प्रयोगशाळेतल्या माणसाला विचारावं लागतं की तुम्ही किती पाठवले.